गाइड आधी की विषय आधी? इंडस्ट्री प्रोजेक्ट पहिल्याच महिन्यात कुठे अडतो

बेळगाव : इंजिनिअरिंगच्या विभागात नोटीस बोर्डावर गाइड वाटपाची यादी लागली की दोन प्रकारची पोरं दिसतात. काहींना हवे ते सर मिळालेले असतात, पण विषय नसतो. काहींच्या हातात विषय असतो, उद्यमबागमधल्या एखाद्या मालकाचा तोंडी होकारही असतो, पण यादीत भलतेच गाइड आलेले असतात. इंडस्ट्री प्रोजेक्ट करायचा म्हणून सुरुवात केलेले गट अडतात ते बहुधा इथेच. महिनाभर धावाधाव होते, कमिटी विषय परत पाठवते आणि शेवटी गट तयार प्रोजेक्ट विकणाऱ्या दुकानाकडे वळतो.

दोष पोरांच्या आळसाचा किंवा सरांच्या हट्टाचा म्हणून विषय संपवता येतो. पण खरी अडचण क्रमाची आहे. विभाग गाइड ठरवतो एका वेळी, कारखाना परवानगी देतो दुसऱ्या वेळी आणि कमिटी प्रश्न विचारते तिसऱ्याच गोष्टीवर. या तिन्हींचा मेळ घालण्याचं काम विद्यार्थ्यांवर येऊन पडतं.

वेळापत्रक काय सांगतं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातली बहुतेक इंजिनिअरिंग कॉलेजं विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाशी म्हणजे व्हीटीयूशी जोडलेली आहेत. चंदगड आणि गडहिंग्लज बाजूची बरीच मुलंही इथे शिकायला येतात. व्हीटीयूच्या 2022 च्या स्कीममध्ये प्रोजेक्टचा पहिला टप्पा सहाव्या सेमिस्टरला आणि दुसरा सातव्या सेमिस्टरला आहे. आठव्या सेमिस्टरला इंटर्नशिप आहे.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यायला हवा. कारखान्यात पूर्ण वेळ बसता येईल असं सेमिस्टर येतं, तोवर प्रोजेक्ट संपलेला असतो. प्रोजेक्ट करायचा तो वर्ग, लॅब आणि इंटर्नल परीक्षा सांभाळून. म्हणजे कारखान्यात जायला मिळतो फार तर आठवड्यातला एक दिवस. कंपनी निवडताना हा दिवस आधी मोजला पाहिजे. कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीत काका सुपरवायझर आहेत म्हणून तिथला विषय घेतला, तर बेळगावहून जाण्या-येण्यातच दिवस जातो. शिनोळी राज्याच्या हद्दीपलीकडे असली तरी जवळ आहे आणि उद्यमबाग तर गावातच. राज्य कुठलं, याने परवानगीत फारसा फरक पडत नाही. गाइडना तिथे दोनदा तरी जाता येईल का, याने पडतो.

गाइड कसे वाटले जातात

एआयसीटीईचा निकष वीस विद्यार्थ्यांमागे एक शिक्षक असा आहे. साठ जागांचा विभाग घेतला तर चार वर्षांचे मिळून 240 विद्यार्थी आणि त्यांच्यासाठी 12 शिक्षक. शेवटच्या वर्षाची साठ मुलं, चार जणांचा एक गट, म्हणजे 15 गट. एका शिक्षकाकडे एक, फार तर दोन गट. कागदावर गाइड पुरेसे आहेत.

चणचण भासते ती संख्येत नाही, जुळणीत. वाटपाच्या साधारण तीन रीती दिसतात. पहिली, गटाच्या सरासरी सीजीपीएनुसार पसंतीक्रम : वरचा गट आधी निवडतो, खालच्याला उरलेलं मिळतं. दुसरी, चिठ्ठ्या टाकणं. तिसरी, विभागप्रमुखांनी शिक्षकाचा विषय बघून गट देणं. पहिल्या दोन्ही रीतींत विषय काय आहे हे वाटपाच्या वेळी कुणी विचारतच नाही. त्यामुळे फाउंड्रीतला प्रश्न घेऊन आलेला गट थर्मलच्या सरांकडे जातो आणि ज्या मॅडमनी धातुशास्त्र शिकवलं, त्यांच्याकडे ड्रोनवाला गट बसतो.

गाइडना विषय परका वाटला तर ते दोनपैकी एक करतात. आपल्या ओळखीच्या विषयाकडे गटाला ओढतात, किंवा 'तुम्हीच बघा' म्हणून सही करतात. दुसरं जास्त घातक, कारण कमिटीसमोर गटाची बाजू सांभाळायला मग कुणीच नसतं. व्हीटीयूच्या नियमानुसार अंतर्गत गुण देणाऱ्या कमिटीत विभागप्रमुख आणि दोन ज्येष्ठ शिक्षक असतात आणि त्या दोघांपैकी एक स्वतः गाइड. गुणांची विभागणी अहवाल, सादरीकरण आणि प्रश्नोत्तरं यांत 50:25:25 अशी असते. विषय न कळलेला गाइड म्हणजे तिघांच्या कमिटीतला आपला एक माणूस गप्प.

यावर भांडणापेक्षा सोपा उपाय आहे. यादी लागण्याच्या आधीच विभागप्रमुखांकडे एक पानाचं पत्र द्यायचं : आमच्याकडे अमुक कारखान्याचा अमुक प्रश्न आहे, त्यासाठी या विषयातले गाइड मिळावेत. यादी लागून गेली असेल तर गाइड बदलून मागण्याऐवजी को-गाइड मागावा. बदल मागितला की तो एका शिक्षकाचा अपमान आणि दुसऱ्यावर बोजा होतो. को-गाइडला सहसा कुणाची हरकत नसते.

एक गट, एक फाउंड्री

आता एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. मेकॅनिकलचा चौघांचा गट. एक चंदगडचा, एक खानापूरचा, दोघी बेळगावच्या. उद्यमबागमध्ये ग्रे आयर्नचं ओतकाम करणारी लहान फाउंड्री आहे असं धरू. पुढचे आकडेही हिशेबासाठी धरलेले आहेत, पण अडचणी रोजच्या आहेत.

मालक म्हणतात, "रिजेक्शन फार जातंय, काहीतरी करा." गट सारांश लिहितो : 'फाउंड्रीतील रिजेक्शन कमी करणे'. कमिटी तो परत पाठवते. पोरांना वाटतं, सरांना इंडस्ट्री नकोच आहे. पण कमिटीचा आक्षेप बरोबर असतो. या शीर्षकात कुठलं कास्टिंग, कुठला दोष, आज प्रमाण किती आणि त्यातलं गट स्वतः काय करणार, यातलं काहीच नाही. फाउंड्रीत दोष डझनभर असतात. वाळू चिकटते, साचा सरकतो, धातू अर्ध्यावर गोठतो, आत वायूचे फुगे राहतात. प्रत्येकाचं कारण वेगळं.

गट पुन्हा जातो, या वेळी रिजेक्शनचं रजिस्टर मागतो. त्यात दिसतं की पंपाच्या एका ब्रॅकेटचे महिन्याला साधारण 200 नग पडतात आणि त्यातले 10, म्हणजे शंभरात पाच, ब्लोहोलमुळे भंगारात जातात. ब्लोहोल म्हणजे ओतलेल्या धातूत वायू अडकून राहिलेली पोकळी. ग्रीन सँडच्या साच्यात वायूचा मोठा स्रोत म्हणजे वाळूतला ओलावा. वितळलेलं लोखंड आत आलं की पाण्याची वाफ होते. ती वाळूच्या कणांमधून बाहेर जायला हवी, नाही गेली तर धातूत शिरते. म्हणून ओलावा किती आणि वाळूतून वायू किती सहज निघतो, या दोन गोष्टी मोजायच्या. पहिली मोजायला वाळूत कॅल्शियम कार्बाइड मिसळून तयार होणाऱ्या वायूचा दाब वाचणारं छोटं उपकरण असतं, दुसरी मोजायला पर्मिअॅबिलिटी मीटर. दोन्ही फाउंड्रीत किंवा कॉलेजच्या लॅबमध्ये सापडतात. लॅबमध्ये नेत असाल तर वाळू प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून न्यायची. नाहीतर वाटेतच वाळते आणि आकडा खोटा येतो.

आता शीर्षक होतं : 'पंप ब्रॅकेटमधील ब्लोहोल आणि ग्रीन सँडमधील ओलावा यांचा संबंध व नियंत्रण'. लांब आहे, पण कमिटीच्या चारपैकी तीन प्रश्नांची उत्तरं त्यातच आहेत.

जो हिशेब कुणी करत नाही

शीर्षक नीट झालं तरी विषय बुडू शकतो. कारण एकच : आपण काही सुधारलं हे सिद्ध करायला किती नग लागतील, हे आधी मोजलेलं नसतं.

आठवड्याला 50 नग पडतात. शंभरात पाच म्हणजे 50 मध्ये सरासरी अडीच खराब. गटाने वाळूचा ओलावा आवरला आणि प्रमाण शंभरात दोनवर आणलं, तर 50 मध्ये एक. पण अडीच आणि एक यांतला फरक एका आठवड्याच्या नशिबावरही पडतो. काहीही न बदलता एखाद्या आठवड्यात एकच नग खराब निघेल, पुढच्यात चार. व्हायव्हात बाहेरचे परीक्षक हाच प्रश्न विचारतात : "सुधारणा झाली कशावरून?" आणि गट गप्प होतो.

तेच 400 नग घेतले तर आधी साधारण 20 खराब आणि नंतर 8. हा फरक नशिबावर ढकलणं अवघड. म्हणजे आधीचे 400 आणि नंतरचे 400 नग हवेत. आठवड्याला 50 धरले तर आठ आणि आठ, सोळा आठवडे. जवळपास पूर्ण सेमिस्टर. म्हणून आधीची नोंद सहाव्या सेमिस्टरच्या पहिल्या टप्प्यातच पूर्ण करायची आणि बदल करून बघण्यासाठी सातवं सेमिस्टर मोकळं ठेवायचं. पहिला टप्पा म्हणजे नुसतं पीपीटी आणि जुन्या पेपरांची यादी, असं समजून जो गट बसतो, त्याला सातव्यात आठ आठवडे कमी पडतात. आणि ते नंतर कुठूनही भरून निघत नाहीत.

इथे आणखी एक गाठ असते. लहान फाउंड्र्या जॉब ऑर्डरवर चालतात. आज ब्रॅकेट, पुढच्या महिन्यात दुसऱ्याच कुणाचं कव्हर. क्युपोला भट्टी असेल तर ओतकाम आठवड्यात ठरलेल्या एखाद-दोन दिवशीच. मालकांनी होकार दिला तेव्हा ब्रॅकेटची ऑर्डर होती, सातव्या सेमिस्टरला ती नसली तर प्रोजेक्टच नाही. होकार घेताना म्हणूनच विचारायचं : "हा नग पुढचे सहा महिने नेमाने पडणार आहे का?" उत्तर डळमळीत असेल तर वर्षभर चालणारा दुसरा नग निवडायचा, मग तो कमी आकर्षक का असेना.

आणि तिसरी गोष्ट. ब्लोहोल बऱ्याचदा फाउंड्रीत दिसतच नाही. वरून कास्टिंग गुळगुळीत असतं. ते मशीन शॉपला जातं, वरचा थर कापला जातो, तेव्हा पोकळी उघडी पडते. म्हणजे रिजेक्शनची नोंद दोन-तीन आठवड्यांनी परत येते, तीही दुसऱ्या गावाहून. तो नग कुठल्या दिवशी ओतला होता हे कळलं नाही तर त्या दिवशीच्या वाळूशी त्याचा संबंध लावता येत नाही. त्यामुळे पहिल्या भेटीत बघायची गोष्ट म्हणजे कास्टिंगवर तारीख किंवा हीट नंबर उमटलेला आहे का. नसेल तर पॅटर्नवर तारखेचा छोटा शिक्का बसवून घेणं हेच गटाचं पहिलं काम. त्याला खर्च जवळजवळ नाही, पण त्याशिवाय पुढचे आठ महिने वाया जातात.

तोंडी होकार आणि लेटरहेड

मालक तोंडाने हो म्हणतात, विभाग पत्र मागतो. पोरांना ही नुसती कागदपत्रं वाटतात. पण पत्र मागितलं की होकार किती खरा आहे ते कळतं. पत्रात चार गोष्टी हव्यात : कारखान्यातला मार्गदर्शक कोण आणि त्याचं पद, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, कुठलं रजिस्टर बघू देणार, आणि काय बाहेर छापायचं नाही.

शेवटच्या मुद्द्यावर जास्त विषय फुटतात. कारखान्याला आपलं रिजेक्शन जगाला कळू द्यायचं नसतं आणि ते रास्तच आहे. इकडे प्रोजेक्टचा अहवाल बाहेरच्या परीक्षकांसमोर जातो, प्रत विभागात राहते. 'सगळं गुप्त ठेवू' असं कारखान्याला सांगून आणि 'सगळं अहवालात देऊ' असं विभागाला सांगून दोन्हीकडून वेळ मारून नेली, तर सातव्या सेमिस्टरच्या शेवटी कारखाना अहवाल अडवतो. मधला मार्ग पत्रातच लिहून घ्यायचा : गिऱ्हाइकाचं नाव आणि ड्रॉइंग नंबर द्यायचा नाही, नगाला 'अ' म्हणायचं, किमती गाळायच्या, पण टक्केवारी आणि वाळूच्या चाचण्यांचे आकडे छापायचे. टक्केवारीलाही नकार असेल तर तो विषय त्याच दिवशी सोडलेला बरा. आकड्याशिवाय अहवालात उरणार ती फक्त कारखान्याच्या भेटीची हकिगत.

कमिटीला नेमकी भीती कशाची

इंडस्ट्री प्रोजेक्ट म्हटलं की ज्येष्ठ शिक्षक बिचकतात, त्यामागे अनुभव आहे. कारखान्यात कुणीतरी फिक्स्चर आधीच बनवलेलं असतं, पोरं त्याचे फोटो काढून अहवाल करतात. शिवाय विभागाला एनबीए मानांकनासाठी दाखवावं लागतं की प्रोजेक्टमध्ये विद्यार्थ्याने स्वतः काय विश्लेषण केलं, काय ठरवलं. कंपनीचं सर्टिफिकेट तिथे पुरत नाही.

म्हणून सारांशात एक तक्ता असा हवा, ज्यात कारखाना काय करणार आणि गट काय करणार हे वेगवेगळं लिहिलेलं आहे. वरच्या उदाहरणात ओतकाम कारखान्याचं. दिवसातून चार वेळा वाळूचा ओलावा मोजणं कारखान्याच्या माणसाचं, पण नमुना कुठून आणि केव्हा घ्यायचा ही पद्धत गटाची. नोंदींचं विश्लेषण, ओलाव्याची मर्यादा ठरवणं आणि ती पाळली जाईल अशी व्यवस्था लावणं गटाचं. चौघांपैकी कुणाकडे काय, तेही नावानिशी. हा तक्ता असला की कमिटीचं अर्धं बोलणं संपतं.

इथे सीमाभागातल्या पोरांकडे एक जमेची बाजू आहे, ती ते सारांशात कधी लिहित नाहीत. वाळू मिसळणारा माणूस मराठीत बोलेल, साचा बांधणारा कन्नडमध्ये, भट्टीवरचा हिंदीत. ओलावा बिघडतो तो रजिस्टरमध्ये नाही, मिक्सरजवळ बिघडतो. पाणी मोजून न घालता मुठीत वाळू दाबून अंदाजाने घातलं जातं, आणि जेवणाच्या सुट्टीत पट्ट्यावर पडून राहिलेली वाळू सुकली की पुन्हा पाणी मारलं जातं. हे मॅनेजरच्या केबिनमध्ये कळत नाही. "काका, पाणी किती घालता?" असं त्यांच्या भाषेत विचारलं की कळतं. चंदगडचा पोरगा आणि बेळगावची पोरगी मिळून दोन-तीन भाषा सहज सांभाळतात. प्रश्नाचं मूळ शोधण्याच्या पद्धतीत कामगारांच्या मुलाखती हा भाग लिहायला काय हरकत आहे?

विभागाने काय बदलावं

सगळा भार विद्यार्थ्यांवर टाकून भागणार नाही. विभागाला पैसे न लागता दोन गोष्टी करता येतील.

पहिली, क्रम उलटा करणं. गाइड वाटपाच्या आधी दोन आठवडे गटांकडून एक पानाची टिपणी घ्यायची : कुठला प्रश्न, कुठे, आज प्रमाण किती, मोजणार कशाने. विषय नसलेल्या गटांनी कोरं पान द्यावं. मग विषय असलेल्यांना जुळणारे गाइड आधी द्यायचे आणि उरलेल्यांसाठी हवी तर चिठ्ठी टाकायची. सीजीपीएचा क्रम मोडतो म्हणून कुरकुर होईल. पण वरच्या गटाचा हक्क चांगल्या गाइडवर आहे म्हणताना, चांगला गाइड म्हणजे कुठल्या प्रश्नासाठी चांगला, हे विचारायलाच हवं.

दुसरी, गाइडची कारखाना-भेट कामाच्या तासांत धरणं. आज बहुतेक शिक्षक शनिवारी स्वतःच्या गाडीने जातात किंवा जातच नाहीत. गाइड एकदा मिक्सरजवळ उभे राहिले की कमिटीत ते गप्प बसत नाहीत. प्रत्येक टप्प्याला एक भेट, एवढंच धरलं तरी पुरे.

हे झालं नाही तर काय होतं ते शहरातल्या प्रोजेक्ट सेंटरच्या पाट्यांवर दिसतं. तिथे विषय, मॉडेल, अहवाल आणि पीपीटी एकत्र मिळतं, मंजुरीही पटकन होते, कारण तोच विषय दुसऱ्या कॉलेजात आधी पास झालेला असतो. पैसे बापाचे जातात आणि गुणही मिळतात. अडचण पुढे इंटरव्ह्यूत येते. "तुझ्या प्रोजेक्टमध्ये काय मोजलं?" या प्रश्नाला उत्तर नसतं. ज्या गटाने 800 नगांची नोंद ठेवली, त्याचं रिजेक्शन समजा शंभरात पाचवरून चारवरच आलं, तरी त्या पोरांकडे सांगायला तासभर असतं.

सहाव्या सेमिस्टरच्या गटांनी म्हणून यादीची वाट बघत बसू नये. यादी लागायच्या आधी एकदा कारखान्यात जावं, रिजेक्शनचं रजिस्टर बघावं आणि कास्टिंग उलटं करून त्यावर तारीख आहे का ते तपासावं. विषय टिकेल की नाही, हे बहुतेक वेळा त्या एका भेटीतच कळतं.